मुलांच्या ॲपला संमती देताना: पालकांनी पायरीपायरीने काय तपासावे

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर ॲपच्या लिंका येऊ लागतात. एक गृहपाठाचा, एक गणिताच्या सरावाचा, एक स्कूलबस कुठे पोहोचली ते दाखवणारा, आणि याशिवाय मुलाने स्वतःच मित्राकडून घेतलेला एखादा क्रिकेटचा किंवा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ. यातला प्रत्येक ॲप मुलाचे नाव, वय, इयत्ता, फोनची ओळख आणि पुष्कळदा त्याहून बरेच काही मागतो. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या कायद्याच्या कलम ९ नुसार अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या कोणाचीही माहिती हाताळण्यापूर्वी आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांची पडताळणीयोग्य संमती घेणे कंपनीवर बंधनकारक आहे. नियमांनी कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने दिले आहेत, त्यामुळे ही सक्ती आणि पुढे सांगितलेल्या कंपन्यांवरच्या इतर जबाबदाऱ्या मे २०२७ पासून लागू होतात. तरीही पुढे दिलेल्या बहुतेक पायऱ्या त्यासाठी थांबून राहण्यासारख्या नाहीत, कारण आज उघडलेले खाते आणि आज दिलेली माहिती त्या तारखेनंतरही कंपनीकडेच असणार आहे.

उदाहरणादाखल एक घर डोळ्यांसमोर ठेवू. राजारामपुरीत राहणारे कुटुंब आहे. वडील शिरोली एमआयडीसीत पाळीवर जातात. घरात राहणारा एक स्मार्टफोन आई वापरते, त्यातले सिम आजोबांच्या नावावर आहे, आणि संध्याकाळी तोच फोन सहावीतल्या मुलीच्या हातात असतो. तिला वर्गातल्या मैत्रिणीने गणिताच्या सरावाचा एक ॲप सांगितला आहे. आई स्वयंपाकघरात असताना आतून हाक येते, “मम्मी, ओटीपी आलाय, सांग की लवकर.” आई पडद्यावरचे आकडे वाचून दाखवते आणि खाते उघडले जाते. बहुतेक घरांत संमती म्हणून जे काही घडते, ते एवढेच. यात नेमके काय राहून गेले ते आता क्रमाने पाहू.

पहिली पायरी: ॲप कोणाच्या दारातून आला ते ठरवा

शाळेने स्वतः दिलेला ॲप आणि मुलाने किंवा आपण परस्पर घेतलेला ॲप या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमांनी शैक्षणिक संस्थांना सवलत दिली आहे: संस्थेच्या शैक्षणिक कामासाठी किंवा दाखल असलेल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवताना पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची अट आणि मागोवा घेण्यावरची बंदी त्यांना लागू होत नाही. शाळेने नेमलेल्या बसवाल्यालाही, मूल घर ते शाळा आणि परत असा प्रवास करत असेपर्यंत, त्याचे ठिकाण पाहता येते. हजेरीच्या किंवा बसच्या ॲपसाठी दर वेळी संमतीची कवायत झाली नाही, तर त्यात गैर काही नाही.

मात्र ही सवलत संस्थेला आहे आणि ती त्या कामापुरती आहे. शिकवणीचे व्हिडिओ विकणारी कंपनी स्वतःला शैक्षणिक म्हणवते म्हणून तिला ही सवलत आपोआप मिळत नाही. शाळेच्या नावाने आलेल्या ॲपनेही हजेरीपलीकडे जाऊन मुलांना जाहिराती दाखवायला सुरुवात केली, तर शाळेच्या सवलतीचा आडोसा त्याला पुरत नाही. म्हणून लिंक उघडण्यापूर्वी वर्गशिक्षकांना एवढेच विचारावे: “सर, हे खाते शाळा उघडून देणार आहे, की आम्ही आमच्या नंबरावरून उघडायचे आहे? आणि मुलांची माहिती कोणाकडे राहणार?” खाते आपण उघडायचे असे उत्तर आले, तर संमती आपली आहे आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या लागू होतात. आपल्या उदाहरणातला गणिताचा ॲप मैत्रिणीने सांगितलेला आहे, त्यामुळे तो सरळ या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

दुसरी पायरी: जन्मवर्ष खरेच लिहा

सगळी व्यवस्था या एका रकान्यावर उभी आहे. मुलीने आपण लहान असल्याचे सांगितले, तर कंपनीला तिथेच थांबून पालकांना पुढे बोलवावे लागते. तिने २००१ असे जन्मवर्ष निवडले, तर तो रस्ता उघडतच नाही. त्या खात्याला प्रौढाचे खाते म्हणून वागवले जाते, अनोळखी खेळाडूंशी गप्पा सुरू राहतात, जाहिराती सवयी पाहून येतात, आणि उद्या तक्रार केली तर “आम्हाला वयाची कल्पना नव्हती” असे म्हणायला कंपनीला जागा राहते. बहुतेक मुले वय वाढवून लिहितात, कारण खरे वय लिहिले की ॲप पुढे जाऊ देत नाही, हे त्यांनी एकमेकांकडून ऐकलेले असते. मुलांना यावरून रागावण्यात अर्थ नाही. खाते उघडताना आपण शेजारी बसावे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

इथे आणखी एक घोटाळा होतो. गूगलचे स्वतःचे खाते आपल्याकडे तेराव्या वर्षापासून मुलाला स्वतः चालवता येते. तेरा ही मर्यादा मुळात अमेरिकेतल्या मुलांच्या माहितीविषयीच्या कायद्यातून आलेली आहे. आपल्या कायद्याची मर्यादा अठरा आहे. त्यामुळे नववीतल्या चौदा वर्षांच्या मुलाचे गूगल खाते नियमानुसार स्वतंत्र असले, तरी त्या खात्यावरून तो जो खेळ घेईल त्याला पालकांची संमती लागणारच आहे. “त्याचे स्वतःचे खाते आहे, आता तो मोठा झाला” हा समज इथे चालत नाही.

पूर्वी चुकीचे जन्मवर्ष दिलेले खाते असेल, तर आधी खात्याच्या सेटिंगमध्ये ते दुरुस्त होते का ते पाहावे. होत नसेल, तर ते खाते रीतसर पुसून नवे उघडावे. खेळातल्या पातळ्या आणि नाणी जातात म्हणून मुले याला कडाडून विरोध करतात, तेव्हा ही गोष्ट खेळात वर्षभर गुंतण्याआधीच केलेली बरी.

तिसरी पायरी: सूचना वाचा, आणि मराठीत मागा

संमतीपूर्वी कंपनीने सूचना दाखवायची असते. ती लांबलचक अटींच्या मजकुरात दडवलेली चालत नाही. इतर मजकुरापासून वेगळी, स्वतंत्रपणे समजेल अशी आणि साध्या भाषेत ती असली पाहिजे. तीत कोणकोणती माहिती घेणार याची बाबवार यादी, प्रत्येक माहिती कशासाठी हवी आहे, संमती परत कशी घ्यायची, आणि या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार कशी करायची हे असावे लागते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत ती वाचण्याचा पर्याय कायद्याने दिला आहे आणि मराठी त्या बावीस भाषांपैकी एक आहे. इंग्रजी वाचताना आपण अर्धे सोडून देतो आणि नेमके त्या अर्ध्यातच जाहिरातदारांना माहिती देण्याचा उल्लेख असतो, म्हणून मराठीचा पर्याय शोधण्याचे कष्ट जरूर घ्यावेत.

ॲप उतरवून घेण्याआधीच एक झलक मिळते. प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर खाली `Data safety` नावाचा भाग असतो. कोणती माहिती गोळा होते, कोणती दुसऱ्या कंपन्यांना दिली जाते आणि ती पुसण्याची विनंती करता येते का, हे तिथे लिहिलेले असते. हा मजकूर ॲप बनवणाऱ्यानेच भरलेला असतो, हे मात्र लक्षात ठेवावे. तिथे “ठिकाण गोळा करत नाही” असे लिहिले असून ॲप प्रत्यक्षात ठिकाणाची परवानगी मागू लागला, तर तिथेच थांबावे.

चौथी पायरी: आपली ओळख पटवताना काय द्यावे आणि काय देऊ नये

सर्वांत जास्त गोंधळ या पायरीवर होतो, म्हणून ही जरा सविस्तर पाहू.

संमती देणारी व्यक्ती प्रौढ आहे आणि गरज पडल्यास तिची ओळख पटू शकते, एवढे कंपनीने तपासायचे आहे. त्यासाठी नियमांनी मार्ग सांगितले आहेत. आईचे त्याच कंपनीकडे आधीपासून खाते असेल आणि तिची ओळख व वय यांची खात्रीलायक नोंद कंपनीकडे असेल, तर त्या नोंदीवरून काम भागते. तसे नसेल, तर आई आपली ओळख आणि वय यांचा तपशील स्वेच्छेने देऊ शकते. किंवा सरकारमान्य यंत्रणेने, उदाहरणार्थ डिजिलॉकरने, दिलेले आभासी टोकन वापरता येते. टोकन म्हणजे ओळख आणि वय यांच्याशी जोडलेली एक डिजिटल खूण. ती दिली की कागदाची प्रत कंपनीच्या हाती सोपवावी लागत नाही.

या कसोटीवर राजारामपुरीतल्या घरात काय झाले ते पाहा. ओटीपी आला तो आजोबांच्या नावावरच्या सिमवर, वाचून दाखवला आईने, आणि टाइप केला मुलीने. त्यावरून एवढेच सिद्ध झाले की तो फोन त्या क्षणी त्या घरात होता. संमती कोणी दिली, ती व्यक्ती प्रौढ होती का, यातले काहीच ठरले नाही. म्हणून एखादा ॲप केवळ ओटीपीवर किंवा “मी पालक आहे” या चौकोनावर टिचकी मारून पुढे जाऊ देत असेल, तर त्याने पडताळणी केलेली नाही असे समजावे. “तीन अधिक चार किती” असे विचारून पालक असल्याची खात्री करणारे खेळही आहेत. सहावीतल्या मुलीला असा प्रश्न अडवू शकत नाही.

दुसऱ्या टोकाला आधार कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागणारे ॲप आहेत, आणि ते जास्त धोक्याचे आहेत. खेळाच्या कंपनीला आपला पूर्ण आधार क्रमांक, पत्ता आणि फोटो देण्याचे काही कारण नाही. कोणी व्हॉट्सॲपवर आधारचा फोटो मागत असेल, तर ती पडताळणी नव्हे, सरळ नकार द्यावा. ॲपने डिजिलॉकरचा पर्याय दिला असेल तर तो घ्यावा, पण पडद्यावरच्या पत्त्यातले संकेतस्थळाचे नाव `.gov.in` यानेच संपते का ते अक्षर न अक्षर पाहून, आणि पुढच्या पडद्यावर कोणता दस्तऐवज कोणत्या कारणासाठी मागितला आहे ते वाचूनच होकार द्यावा. जिथे ओळखपत्र दिल्यावाचून गत्यंतर नाही, तिथे आधारची शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रत वापरावी. ती आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून मिळते.

या व्यवस्थेची एक मर्यादा पालकांनी समजून घेतलीच पाहिजे. होकार देणारी व्यक्ती प्रौढ आहे हे तपासले जाते, पण ती त्याच मुलाची आई किंवा वडील आहे याचा पुरावा नियम मागत नाहीत. एकत्र कुटुंबात मूल काकाकडे किंवा आत्याकडे जाऊन “एवढे करून दे” म्हणाले, तर कंपनीची तपासणी पार होऊन जाईल. म्हणून असा होकार आई किंवा वडील यांच्याशिवाय कोणी द्यायचा नाही, हे घरातल्या सगळ्या मोठ्यांना सांगून ठेवावे. आईवडिलांपैकी कोणीच सोबत राहत नसेल, तर कायदेशीर पालक कोण आहे ते महत्त्वाचे ठरते. केवळ सांभाळ करणारे नातेवाईक त्यात आपोआप बसत नाहीत.

पाचवी पायरी: कामापुरती माहिती द्या, बाकी नाकारून पाहा

संमती दिली तरी ती सांगितलेल्या कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती धरली जाते. कायद्यातच याचे उदाहरण आहे: दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधल्या संपर्कांची यादी मागितली आणि रुग्णाने होकार दिला, तरी सल्ल्यासाठी ती यादी लागत नसल्याने तो होकार तिला लागू होत नाही.

हाच विचार गणिताच्या ॲपला लावू. टोपणनाव आणि इयत्ता समजण्यासारखी आहे. वहीतल्या गणिताचा फोटो काढून उत्तर तपासायचे असेल, तर त्या वेळेपुरता कॅमेरा हवा. मायक्रोफोन वाचनाच्या ॲपला लागतो, गणिताला लागत नाही. संपर्कांची यादी, फोनचे ठिकाण, सगळे फोटो आणि एसएमएस यांची गरज नाही. शाळेचे पूर्ण नावही खरे तर लागत नाही. नाव, इयत्ता, शाळा आणि ठिकाण ही चार एकत्र आली, की मूल रोज साडेपाचला कुठल्या फाटकातून बाहेर पडते हे कोणालाही कळू शकते.

परवानगीचा प्रश्न पडद्यावर आला की “फक्त या वेळेपुरती” हा पर्याय निवडावा किंवा नकार द्यावा, आणि ॲप चालतो का ते पाहावे. बहुतेक चालतात. नकार दिल्यावर कारण न सांगता अडून बसणारा ॲप काढून टाकावा. आधीच दिलेल्या परवानग्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये `Permission manager` इथे पाहता आणि काढता येतात. कॅमेरा, मायक्रोफोन, ठिकाण अशा प्रत्येक नावावर टिचकी मारली, की कोणकोणत्या ॲपना ती परवानगी आहे त्यांची यादी दिसते. आईचा आणि मुलीचा फोन एकच असल्यामुळे इथे विशेष काळजी घ्यावी, कारण संपर्कांची परवानगी दिली तर मुलीची नव्हे, आईची सगळी यादी बाहेर जाते.

मुलांच्या वागण्याचा मागोवा घेणे आणि त्यावरून बेतलेल्या जाहिराती दाखवणे यांना कायद्यात बंदी आहे. ती पालकांच्या संमतीनेही उठत नाही, म्हणजे “जाहिरातींसाठी मागोवा घेऊ द्या” असा चौकोन मुलाच्या खात्यात दिसला, तर तो तिथे असायलाच नको. घरच्या घरी एवढे करता येते: फोनच्या सेटिंगमध्ये जाहिरातींच्या भागात `Delete advertising ID` हा पर्याय आहे, तो वापरावा. त्याने जाहिराती बंद होत नाहीत, पण निरनिराळे ॲप त्या एका क्रमांकावरून फोन ओळखत असतात, तो दुवा तुटतो.

सहावी पायरी: नोंद ठेवा, आणि संमती परत घेता येते हे विसरू नका

होकार देतानाच सूचनेच्या पडद्याचे फोटो घेऊन ठेवावेत आणि तारीख, ॲपचे नाव, वापरलेला नंबर किंवा ईमेल लिहून ठेवावा. पुढे वाद झाला, तर संमती रीतसर घेतली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते, पण आपल्याजवळ काहीच नसेल तर तक्रारीला मुद्दा सापडत नाही.

ॲप फोनमधून काढला म्हणजे खाते पुसले गेले, असा गैरसमज सार्वत्रिक आहे. ॲप गेला तरी खाते कंपनीच्या सर्व्हरवर तसेच राहते. संमती देणे जितके सोपे होते, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे, असे कायदा सांगतो. प्ले स्टोअरचाही नियम आहे की खाते उघडू देणाऱ्या ॲपने ते पुसण्याची सोय ॲपमध्ये आणि वेबवर दिली पाहिजे. म्हणून आधी खाते पुसावे, मग ॲप काढावा. सोय सापडली नाही, तर गोपनीयता धोरणाच्या शेवटी असलेल्या तक्रार अधिकाऱ्याच्या ईमेलवर असे लिहावे:

> विषय: अल्पवयीन मुलीच्या खात्याची संमती मागे घेणे आणि माहिती पुसणे
>
> मी या खातेदार मुलीची आई आहे. तिचे वय अकरा वर्षे आहे. खाते या ईमेलला जोडलेल्या मोबाइल क्रमांकावरून उघडले आहे. तिच्या माहितीच्या वापरासाठी दिलेली संमती मी आजपासून मागे घेत आहे. तिची कोणती माहिती आपल्याकडे आहे आणि ती कोणाकोणाला दिली, ते कळवावे. त्यानंतर खाते व माहिती पुसून, आपण ज्यांना ती दिली त्यांनाही पुसण्यास सांगावे. कायद्याने ठेवावी लागणारी एखादी नोंद राहणार असेल, तर ती कोणती आणि किती काळ, हे लिहावे.

शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. नियमांनीच काही नोंदी किमान एक वर्ष ठेवायला सांगितले आहे, त्यामुळे “सगळे आजच पुसले” असे उत्तर आले तर तेही पूर्ण खरे नसण्याची शक्यता असते. कोणती नोंद राहिली हे लेखी मिळवणे अधिक उपयोगाचे.

मे २०२७ मध्ये या तरतुदी लागू झाल्या की तक्रारीचे निवारण करायला कंपनीला जास्तीत जास्त नव्वद दिवस असतील. तोपर्यंत उत्तर आले नाही किंवा टाळाटाळ झाली, तर डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येते. कंपनीकडे आधी तक्रार केल्याशिवाय मंडळाकडे थेट जाता येत नाही, म्हणून पाठवलेला ईमेल जपून ठेवावा. मंडळाचे काम डिजिटल पद्धतीने चालायचे आहे, त्यामुळे त्यासाठी कोल्हापूर सोडून दिल्लीला जाण्याची वेळ येणार नाही. मुलांविषयीच्या या जबाबदाऱ्या मोडल्यास कंपनीला दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो, पालकांना या कायद्यातून भरपाई मिळत नाही. खेळात पैसे कापले गेले असतील किंवा कोणी फसवून घेतले असतील, तर ती बाब निराळी आहे. त्यासाठी मंडळाची वाट न पाहता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी, आणि बँकेलाही त्याच दिवशी कळवावे.

मंडळाकडे जाताना तक्रारीत मुलाच्या खात्याचे नाव, संमतीची तारीख, सूचनेचे फोटो, कंपनीला पाठवलेला ईमेल आणि आलेले उत्तर जोडावे. मुलाचे आधार, शाळेचा दाखला किंवा फोटो कोणी मागितल्याशिवाय जोडू नयेत.